वसईच्या किल्ल्यातून एक पत्र

नाशकात मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. ही घंटा गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेली आहे. ती पोर्तुगीज बनावटीची आहे आणि तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या विजयाची ती खूण, असे नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आता समजा, एक नाशिककर सुट्टीच्या दिवशी वसईला गेला. ज्या गावातून ही घंटा आली ते गाव पाहावे, जमल्यास ज्या चर्चमध्ये ती वाजत होती ते चर्चही पाहावे, एवढीच त्याची इच्छा. किल्ल्यात त्याला चर्चचे उंच सांगाडे दिसतात, एक नव्हे, अनेक. कुठल्या भिंतींना कोणते नाव, आधी काय पाहायचे, कुठून कुठे जायचे, हे मात्र कळत नाही. भटकून, फोटो काढून तो परततो आणि पुरातत्त्व खात्याला पत्र लिहायला बसतो.

असा पर्यटक दुर्मीळ नाही. गडांवर हिंडणाऱ्या कितीतरी लोकांनी अशी पत्रे मनातल्या मनात लिहिलेली असतात. बहुतेक पत्रे तिथेच राहतात. जी टपालात पडतात त्यांतली बरीचशी ‘किल्ल्याची दुरवस्था पाहून मन विषण्ण झाले’ इथे सुरू होतात आणि ‘तरी योग्य ती कार्यवाही करावी’ इथे संपतात. ती वाचून टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने नेमके काय करावे, हे त्याला कळत नाही. विषण्ण मनावर कुठल्याच खात्याकडे तरतूद नसते.

वसईचा किल्ला या पत्रासाठी फार चांगला विषय आहे, कारण तिथे वाट चुकण्याचे कारण झाडाझुडपांपेक्षा खोल आहे. मराठी माणसाला किल्ला म्हटले की डोंगर आठवतो. डोंगरी किल्ल्यात वाट एकच असते आणि तीच वाटाड्याचे काम करते. आधी पायवाट, मग दरवाजा, मग माची, शेवटी बालेकिल्ला. चढत राहिले की पाहायचे ते आपोआप समोर येते. वसईचे तसे नाही. शंभराहून अधिक एकरांवर, सपाट जमिनीवर, खाडीच्या तोंडाशी वसलेले ते तटबंदीतले शहर होते. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि पुढची दोनशे वर्षे ते त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे राहिले. दमणपासून चौलपर्यंतचा कारभार इथून चाले. दहा बुरुजांच्या तटाच्या आत रस्ते, चौक, अधिकाऱ्यांचे वाडे, मठ आणि चर्च होती. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाचे आपापले ठिकाण होते. शहर ओस पडले, छपरे गेली आणि रस्त्यांची रेघ पुसली. उरल्या त्या एकमेकींसारख्या दिसणाऱ्या उंच भिंती. अशा जागी पाहुण्याला आधी शहराचा नकाशा लागतो, इतिहास त्यानंतर. फलकांविषयीच्या पत्राने हा क्रम पाळला पाहिजे.

वसईचा हा देखावा जगभर पाहिला गेला आहे. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या २०१६ साली आलेल्या एका गाण्याच्या चित्रफितीत इथल्या भिंती दिसतात. हिंदी चित्रपटांची चित्रीकरणे आणि लग्नाआधीचे फोटो काढायला येणारी जोडपी तर नित्याचीच. इतक्या लोकांनी पाहिलेली आणि इतक्या थोड्यांना ओळखू येणारी दुसरी वास्तू कोकणात शोधावी लागेल.

पत्र कुणाला लिहायचे, इथेच पहिली ठेच लागते. महाराष्ट्रातले सगळे किल्ले एका खात्याकडे नाहीत. काही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण या केंद्र सरकारच्या खात्याकडे आहेत, काही राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे, आणि ज्यांना कसलेच संरक्षण नाही असे कित्येक वन किंवा महसूल खात्याच्या जमिनीवर उभे आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यांतही हीच वाटणी दिसते. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे केंद्राकडे, तर राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे राज्याकडे. राजगडाविषयीचे पत्र केंद्राच्या कचेरीत गेले, तर फार फार तर ते पुढे पाठवले जाईल, आणि सरकारी कागदाचा प्रवास किती दिवसांचा ते सर्वांना ठाऊक आहे.

वसई त्या बारांत नाही, पण केंद्राच्या संरक्षणाखाली आहे. तिचा कारभार सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे येतो. मंडळाचे प्रमुख म्हणजे अधीक्षक पुरातत्त्वविद. त्यांची कचेरी सायनच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, म्हणजे एका किल्ल्याविषयीची तक्रार दुसऱ्या किल्ल्याच्या दारात पोचते. प्रत्यक्ष जागेवरचे काम संरक्षण सहायक पाहतो. गवत कापून घेणे, ढासळत्या भिंतीकडे लक्ष ठेवणे, पहारेकऱ्यांची व्यवस्था हे त्याच्या रोजच्या कामातले. म्हणून पत्र अधीक्षकांच्या नावाने लिहावे आणि एक प्रत संरक्षण सहायकाला द्यावी. वरच्या कचेरीने ‘जागेवर पाहून कळवा’ असा शेरा मारला की पाहायला जाणारा माणूस तोच असतो. त्याच्या हातात प्रत आधीच असलेली बरी.

आता खुद्द फलकांकडे. संरक्षित स्मारकापाशी पाहुण्याला सहसा भेटतो तो निळा फलक. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असल्याचे १९५८ च्या कायद्यान्वये घोषित झाले आहे, त्याची नासधूस करणारा शिक्षेस पात्र राहील, हा त्याचा आशय. २०१० च्या दुरुस्तीने ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी झाली. त्याआधी ती तीन महिने आणि पाच हजार रुपये होती. जागेवरच्या फलकावर जुने आकडे दिसले तर ते पत्रात नोंदवण्यासारखे आहे, कारण ही चूक दाखवताना मतभेदाला जागाच नसते. त्याच दुरुस्तीने स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरांत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगीची अट घातली. तीही काही ठिकाणी फलकावर असते.

निळा फलक आवश्यकच आहे. पण तो लिहिलेला असतो गुन्हा करू पाहणाऱ्यासाठी. बाकीच्या पाहुण्यांना तो दरडावतो आणि पुढे त्यांच्याशी काहीच बोलत नाही. पत्रात या फलकावर टीका करण्यात अर्थ नाही, तो कायद्याने लावलेला असतो. मागायचे ते त्याच्याशेजारी, आणि त्याहून वेगळ्या तीन प्रकारांचे फलक: वाट दाखवणारे, माहिती देणारे आणि धोक्याची सूचना देणारे. एकाच फलकावर हे तिन्ही कोंबले की पाहुणा त्यातले काहीच वाचत नाही.

वाटेपासून सुरुवात करू. वसईत येणारे बहुतेक लोक रेल्वे स्थानकावरून बस किंवा रिक्षाने गावातून किल्ल्याकडे येतात, म्हणजे जमिनीकडच्या बाजूने. पण फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो सेवा सुरू झाली. तिने मोटारी आणि माणसे खाडी ओलांडून थेट किल्ल्याच्या बंदराला लागतात. पूर्वी शहरात येणारी गलबतेही याच अंगाने येत. म्हणजे आज किल्ल्यात शिरणारे लोक दोन विरुद्ध टोकांनी येतात, एक जमिनीच्या दरवाजाकडून आणि दुसरे सागरी दरवाजाकडून. एकाच जागी लावलेला मोठा नकाशा निम्म्या लोकांना फेरी संपल्यावर भेटेल. पत्रातली पहिली ठोस मागणी हीच हवी: दोन टोकांना दोन नकाशे.

आणि हे दोन नकाशे सारखे नसावेत. कागदावरच्या नकाशात उत्तर वर असते, ते ठीक आहे, कारण कागद हातात फिरवता येतो. जमिनीत रोवलेला फलक फिरवता येत नाही. त्यावर पाहुण्याच्या समोर जे आहे तेच वरच्या बाजूला हवे, म्हणजे नकाशातले डावे प्रत्यक्षातही डावीकडे येते. बंदरावरून येणाऱ्याचे तोंड आणि गावाकडून येणाऱ्याचे तोंड उलट दिशांना असते, म्हणून तोच नकाशा एका जागी सुलट आणि दुसऱ्या जागी उलटा काढावा लागतो. छापणारा ठेकेदार एकाच नमुन्याच्या दोन प्रती काढून मोकळा होतो आणि मग लोक फलकासमोर उभे राहून मान वाकडी करताना दिसतात. नकाशा चुकला आहे का, हे ओळखायची खूण तीच. ‘तुम्ही इथे आहात’ हा ठिपकाही दोन्ही प्रतींत एकाच जागी राहून गेलेला सापडतो. तेव्हा पत्रात ‘नकाशा लावावा’ एवढे लिहून भागत नाही. ‘पाहणाऱ्याच्या समोरची दिशा वर असलेला, प्रत्येक जागेसाठी वेगळा नकाशा’ असे लिहावे लागते.

नकाशानंतर बाण. बाण तिथेच लागतो जिथे माणूस थबकतो. पत्र लिहिणाऱ्याला हे शोधण्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. त्याने पुन्हा एकदा किल्ल्यात जावे, एखाद्या सावलीत बसावे आणि लोक कुठे थांबून इकडेतिकडे पाहतात, कुठून परत फिरतात ते टिपावे. प्रत्येक फाट्यावर एक फोटो काढावा आणि मोबाइलमधल्या नकाशावरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत. अशा सहा-सात जागांची यादी हाच पत्राचा गाभा. ‘चिमाजी आप्पांच्या स्मारकापासून सेंट जोसेफ चर्चकडे जाताना या जागी वाट फुटते, इथे बाण हवा’, हे वाक्य अधिकाऱ्याला जागेवर नेऊन उभे करते. बाणावरचे अक्षरही अंतराला पुरले पाहिजे. दहा मीटरांवरून वाचायचे असेल तर अक्षराची उंची तीन-चार सेंटिमीटर तरी लागते. देवनागरीला त्याहून थोडी ऐसपैस जागा लागते, कारण वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या ओळींत मराठी मजकूर बसवला की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो.

आता माहितीचे फलक. इथे चांगल्या हेतूने लिहिलेलाही मजकूर बिघडतो. सर्रास दिसणारी भाषा काहीशी अशी असते: ‘सदर वास्तू ही पोर्तुगीजकालीन धार्मिक स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना असून तिच्या बांधकामात स्थानिक व युरोपीय शैलींचा मनोज्ञ संगम आढळून येतो.’ हे वाक्य वसईतल्या कुठल्याही चर्चवर लावता येईल, गोव्यातल्याही. ज्या फलकाचा मजकूर शेजारच्या भिंतीवरही खपेल, तो मजकूर त्या जागेचा नाही, ही अगदी सोपी कसोटी आहे.

उदाहरणादाखल फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी चर्च घेऊ. त्याच्या जमिनीत थडग्यांच्या मोठमोठ्या शिळा बसवलेल्या आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज मजकूर कोरलेला आहे. आत शिरलेला पाहुणा वर कमानींकडे पाहत असतो आणि पाय नेमके या शिळांवर देत असतो. त्याला कुणी सांगितलेलेच नसते. पत्रलेखकाने अशा एका जागेचा मजकूर स्वतः लिहून सोबत जोडला, तर पत्राचे वजन वाढते. तो असा असू शकेल:

‘पायाखाली पाहा. हे फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंचे चर्च, सोळाव्या शतकातले. जमिनीत बसवलेल्या मोठ्या शिळा ही थडगी आहेत. इथे पुरलेल्यांची नावे त्यांवर पोर्तुगीज भाषेत कोरली आहेत. चर्चच्या आत पुरले जाणे हा त्या काळी मान समजला जाई. अक्षरे झिजत चालली आहेत. कृपया शिळांवर पाय न देता कडेने चाला.’

शब्द पन्नासच्या आसपास. पाहुणा उभ्या उभ्या तो वाचून काढतो आणि त्याची नजर आपोआप खाली जाते. मनाईही यात आहे, पण कारणासकट. निळ्या फलकावरच्या शिक्षेच्या धमकीपेक्षा इथले ‘कडेने चाला’ जास्त पाळले जाईल, अशी आशा ठेवायला जागा आहे. हाच मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत द्यायचा, म्हणजे फलकावर तिप्पट शब्द येतात. म्हणूनही मूळ मजकूर आखूडच हवा. दीडशे शब्दांचा मजकूर तीन भाषांत गेला की फलकाची भिंत होते आणि तिच्यामागचे चर्च दिसेनासे होते.

सेंट जोसेफ चर्चची गोष्ट निराळी. ते शहराचे मुख्य चर्च, १५४६ सालचे. १६०१ मध्ये आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या काळात ते नव्याने बांधल्याचे तिथला शिलालेख सांगतो. तिथे माहिती द्यायला दगड स्वतःच तयार आहे, फक्त त्याचे मराठी करून खाली लिहायचे. पण या चर्चला मनोरा आहे आणि मनोऱ्यात अरुंद गोल जिना. वर जाऊन समुद्र पाहायचा मोह कुणाला होत नाही? इथला पहिला फलक धोक्याचा हवा, आणि तो पहिल्या पायरीच्या अलीकडे, जिथे माणूस अजून परत फिरू शकतो. ‘सावधान’ एवढ्यावर थांबू नये. जिना अरुंद आहे, चढणारा आणि उतरणारा एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, कठडा नाही, असे जे असेल ते सांगावे. जिना बंद ठेवायचा असेल तर तसे स्पष्ट लिहून अडसर घालावा. नुसत्या शब्दांनी मोह आवरत नाही.

वसईच्या फलकांवर इतिहास लिहिताना आणखी एक अडचण येते. ‘वसईचा तह’ म्हटले की शाळेत शिकलेल्या माणसाला ३१ डिसेंबर १८०२ आठवतो. यशवंतराव होळकरांनी पुण्यावर मात केल्यावर दुसरा बाजीराव पळून इथे आला आणि इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारून बसला. १५३४ चा तह त्याहून अडीचशेपेक्षा जास्त वर्षे आधीचा. फलकावर नुसते ‘इथे वसईचा तह झाला’ असे लिहिले तर वाचणारा हमखास दुसऱ्याच शतकात जातो. अधल्यामधल्या काळातही किल्ल्याने धनी बदलले. १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७८० मध्ये जनरल गॉडर्डने इंग्रजांसाठी घेतला, सालबाईच्या तहानंतर पुन्हा पेशव्यांकडे गेला. एवढ्या उलथापालथी सगळ्या फलकांवर पुन्हा पुन्हा लिहायच्या नसतात. दोन्ही प्रवेशांच्या नकाशांखाली चार ओळींची कालरेषा पुरते. पुढे प्रत्येक जागेने फक्त आपली गोष्ट सांगावी.

१७३९ च्या वेढ्याची गोष्ट सांगायची जागा म्हणजे तट. फेब्रुवारी ते मे असा वेढा चालला. दलदल आणि खाडीमुळे सगळ्या बाजूंनी हल्ला करता येत नसे. मराठ्यांनी बुरुजांखाली सुरुंग पेरले. काही उडाले नाहीत, काही उशिरा उडून त्यांचीच माणसे गारद झाली, तरी शेवटी सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडले आणि मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना कुटुंबकबिल्यासह, चीजवस्तू घेऊन मानाने जाऊ दिले गेले. हे शेवटचे वाक्य फलकावर यायलाच हवे. ‘माझे मुंडके तोफेच्या तोंडी देऊन किल्ल्यात टाका’ ही चिमाजी आप्पांच्या तोंडची प्रसिद्ध आख्यायिका द्यायची असेल तर ती आख्यायिका म्हणून द्यावी. फलक ही सरकारने दिलेली साक्ष असते. तिच्यातली दंतकथा दुसऱ्या दिवशी शाळेच्या सहलीच्या वहीत इतिहास होऊन बसते. नाशिककराच्या घंटेचेही तेच. मेणवली, भीमाशंकर, नाशिक इथल्या घंटांचा संबंध वसईच्या मोहिमेशी जोडला जातो, पण अमुक घंटा अमुक चर्चमधली असे छातीठोक लिहिण्याचा मोह टाळलेलाच बरा.

शिवाय हा फलक वाचणारे सगळे एका बाजूचे नसतात. वसईत आजही मोठा ख्रिस्ती समाज आहे, त्याची मायबोली मराठीच्याच बोली आहेत. याच शहरात वाढलेला गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीत मारला गेला आणि १८६२ मध्ये संतपदाला पोचला. भारतात जन्मलेला तो पहिला संत. किल्ल्यात चर्च आहेत तशी नागेश्वराची आणि वज्रेश्वरीची मंदिरेही आहेत. एका कुटुंबाला जिथे विजय दिसतो, तिथे दुसऱ्याला आपल्या पूर्वजांचे चर्च दिसते. पत्रलेखकाने मजकूर स्थानिक अभ्यासकांना दाखवून घ्यावा अशी सूचना करावी, आणि त्यात दोन्ही बाजूंचे लोक असावेत.

फलक कशाचा करायचा, हे कोकणच्या हवेत क्षुल्लक नाही. फ्लेक्सवर छापलेला मजकूर उन्हात उडतो. साधे लोखंड खाऱ्या वाऱ्याने गंजते आणि त्याचा तांबडा ओघळ दगडावर उतरतो. टिकतात ते पक्क्या भाजलेल्या एनॅमलचे पत्रे, अक्षरे कोरलेला चांगल्या प्रतीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा किंवा कोरीव दगड. दगड वसईला परका नाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागातले काळे खांब आणि कोरीवकाम याच भागातून नेलेल्या बेसॉल्टचे आहे. माहितीचा फलक उभा भिंतीसारखा लावण्याऐवजी कमरेच्या उंचीवर, वाचणाऱ्याकडे कललेला लावला तर मागची वास्तू झाकली जात नाही. मुलांना आणि चाकांच्या खुर्चीतल्या माणसालाही तो वाचता येतो.

आणि खिळा कुठेही मारायचा नाही. जुन्या भिंतीला भोक पाडून फलक टांगणे हीच नासधूस. फलक स्वतंत्र खांबावर उभा राहिला पाहिजे, आणि जमीनही जपून उकरावी लागते, कारण वसईत जमिनीखाली जुने शहर आहे. अशा ठिकाणी खोल खड्ड्याऐवजी वजनदार बैठकीवर फलक उभा करतात, तो उद्या उचलता येतो. याच कारणासाठी उत्साही तरुण मंडळांनी वर्गणी काढून आपला फलक परस्पर लावणे योग्य नाही, बेकायदाही आहे. संरक्षित हद्दीत फलक लावायचा तर सर्वेक्षणाची परवानगी लागते. पैशाची वाट आहे. ‘अ‍ॅडॉप्ट अ हेरिटेज’ ही योजना २०१७ मध्ये निघाली आणि २०२३ मध्ये नव्या रूपात आली. तिच्यात एखादी कंपनी किंवा संस्था करार करून स्मारकावर सोयी करून देऊ शकते, फलकही त्यात येतात. पत्रात या योजनेचा एका ओळीत उल्लेख करून गावातल्या कुणाची तयारी आहे ते सांगता आले, तर ‘निधी उपलब्ध नाही’ हे उत्तर थोडे अवघड होते.

पत्र दोन पानांहून मोठे नको. पहिल्या पानावर मागण्या, त्याही दोन गटांत. एक, लगेच होण्यासारख्या: झाकलेला फलक मोकळा करणे, चुकीचा आकडा दुरुस्त करणे, जिन्याची सूचना लावणे. ही कामे मंडळाच्या पातळीवर होऊ शकतात. दोन, वेळ लागणाऱ्या: नकाशे, माहितीचे फलक, त्यांचा मजकूर तपासून घेणे, निविदा. दोन्ही एकत्र कालवले की सोपे काम अवघड कामाच्या मागे अडकून पडते. दुसऱ्या पानावर जागांची यादी, फोटो आणि नमुन्याचा मजकूर. पत्र स्पीड पोस्टने पाठवावे किंवा केंद्राच्या तक्रार संकेतस्थळावर, pgportal.gov.in वर, टाकावे. तिथे नोंदणी क्रमांक मिळतो आणि कागद कुठे आहे ते पाहता येते. उत्तर आलेच नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून ‘अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली’ एवढेच विचारावे. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण हे शस्त्र आधी उपसू नये. सूचना म्हणून गेलेला कागद आणि तक्रार म्हणून गेलेला कागद कचेरीत वेगवेगळ्या मनाने वाचले जातात.

राहतो पाऊस. जून ते सप्टेंबरात वसईत रान माणसाच्या उंचीइतके वाढते, तटावर वड-पिंपळाची रोपे फुटतात, मे महिन्यात लख्ख दिसणारा बाण ऑगस्टमध्ये वेलींत नाहीसा होतो. म्हणून फलकांच्या जागा उन्हाळ्यात ठरवल्या तरी पावसानंतर एकदा तपासाव्या लागतात. ऑक्टोबरात गवत कापले जाईल तेव्हाच प्रत्येक फलक पुसणे, खिळखिळा खांब बसवणे आणि पडलेल्या अक्षरांची नोंद करणे हे काम वार्षिक साफसफाईच्या यादीत घालावे, ही मागणी पत्राच्या शेवटी यावी. आणि पत्रलेखकाने आपल्या सहा-सात जागांचे फोटो दोन वेळा काढून जोडावेत, एकदा उन्हाळ्यातले आणि एकदा भर पावसातले. तीच जागा, तोच कोन. अधिकाऱ्याला बाण किती उंचीवर हवा ते त्या दोन फोटोंवरून ठरवता येईल.